हँडहेल्ड पीसीवर जड गेम किती स्मूथ आणि किती वेळ चालणार? विकत घ्यायच्या आधीच हा हिशोब काढता येतो

१६ ऑक्टोबर २०२५ ला आसुस आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आरओजी एक्सबॉक्स अलाय बाजारात आणला. मॉडेल दोन, किंमत ६०० आणि १००० डॉलर. हातात मावणारा, विंडोजवर चालणारा, एक्सबॉक्सचं नाव लागलेला पीसी म्हटल्यावर सोशल मीडियावर रील्सचा पाऊस पडला. बहुतेक रील्समध्ये एकच गोष्ट दिसत होती. एखादा भारी गेम सुरू, कोपऱ्यात ६० किंवा ७० चा आकडा, आणि खाली कॉमेंट, "भावा, लॅपटॉप विकून टाकतो आता."

त्या रीलमध्ये दोन गोष्टी दिसत नाहीत. चार्जरची वायर लावलेली आहे का, आणि तो आकडा गेमच्या कुठल्या जागी दिसतोय.

पैशाचा प्रश्न छोटा नाही. आसुसचा पहिला आरओजी अलाय जुलै २०२३ मध्ये भारतात आला तेव्हा किंमत होती ६९,९९० रुपये. या सगळ्या प्रकाराला खरी सुरुवात करून दिली ती वाल्व कंपनीच्या स्टीम डेकने, २०२२ साली. पण वाल्व तो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. त्यामुळे आपल्याकडे डेक येतो तो अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून किंवा आयात करून विकणाऱ्या दुकानदाराकडून. दुकानात जाऊन हातात घेऊन बघायची सोय नाही, आवडला नाही तर परत करायचीही नाही. म्हणजे अंदाज आधीच बरोबर बांधावा लागतो.

सुदैवाने तो बांधता येतो. त्याला लागतो एक भागाकार आणि थोडा संशय.

बॅटरी किती तास? भागाकार सोपा आहे, फक्त आकडा बरोबर घ्यायचा

फोनची बॅटरी आपण एमएएचमध्ये मोजतो. या मशीनच्या बाबतीत बघायचा तो वॅट-अवरचा आकडा. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-अवर होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओलेड स्क्रीनवाला डेक आला, त्यात ५०. पहिला आरओजी अलाय ४०, २०२४ चा अलाय एक्स ८०. नव्या एक्सबॉक्स अलायमध्ये ६० आणि त्याच्या एक्स मॉडेलमध्ये ८०.

५० वॅट-अवर म्हणजे ५० वॅट एक तास, किंवा २५ वॅट दोन तास. बॅटरीला मशीन किती वॅट खातं त्याने भागायचं, झालं.

लोक चुकतात ते इथेच. स्पेसिफिकेशनमध्ये "१५ वॅट" किंवा "२५ वॅट" लिहिलेलं असतं. याला टीडीपी म्हणतात, आणि हा फक्त मुख्य चिपचा आकडा असतो. स्क्रीन, फॅन, स्टोरेज, वायफाय, स्पीकर यांची वीज वेगळी. ती साधारण ६ ते १० वॅट धरावी लागते. ब्राइटनेस पूर्ण केला की अजून वर.

आता आरओजी अलायचं उदाहरण घ्या. बॅटरीवर त्याचा टर्बो मोड चिपला २५ वॅट देतो. कागदावर ४० भागिले २५ केलं की एक तास ३६ मिनिटं येतात. पण बाकीचा खर्च १० वॅट धरला तर एकूण ३५ होतात आणि ४० भागिले ३५ म्हणजे जेमतेम एक तास दहा मिनिटं. या मशीनच्या पहिल्या मालकांची बॅटरीबद्दलची तक्रार याच भागाकारातून आली होती, आणि पुढच्याच वर्षी अलाय एक्समध्ये बॅटरी थेट दुप्पट का झाली याचं उत्तरही यातच आहे.

वाल्वचा ओलेड डेकसाठीचा दावा आहे ३ ते १२ तासांचा. दावा खोटा म्हणता येत नाही, पण १२ तास येतात ते एखाद्या हलक्या, साध्या चित्रांच्या गेमवर. तिथे पूर्ण मशीन ७-८ वॅटच्याही खाली राहू शकतं. जड गेम खेळणाऱ्याने त्या दाव्यातला छोटा आकडा वाचायचा आणि त्यातूनही थोडं वजा करायचं.

जास्त वॅट दिले की जास्त फ्रेम मिळतात का?

मिळतात. पण भाव वाईट लागतो.

बाइक ५० च्या स्पीडने चालवली की ॲव्हरेज चांगलं मिळतं आणि ९० ने पळवली की पेट्रोल धाडधाड संपतं, तसंच चिपचं असतं. वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेज वाढवून द्यावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. त्यामुळे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग पडतो. त्यात या छोट्या मशीनमध्ये ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, सगळ्यांची मिळून एकच. चिप कितीही पळवली तरी मेमरीतून माहिती यायचा वेग तोच राहतो.

आरओजी अलायसारख्या मशीनवर १५ वरून २५ वॅटवर गेलं की वीज ६७ टक्के जास्त लागते. फ्रेम मात्र जड गेममध्ये साधारण पाव ते एक तृतीयांशच वाढतात. म्हणजे ४० एफपीएस मिळत होते तिथे ५०-५२. तेवढ्यासाठी बॅटरीचा बराच मोठा तुकडा जातो.

उलट्या टोकालाही एक मेख आहे. ८-१० वॅटच्या खाली गेलं की अलायची चिप अचानक ढेपाळते, कारण ती मुळात लॅपटॉपच्या घराण्यातली आहे. डेकची चिप ४ ते १५ वॅटसाठीच बनवलेली. त्यामुळे २५ वॅटला अलाय डेकला सहज मागे टाकतो आणि १० वॅटच्या आसपास पारडं फिरतं. "दोघांत भारी कोण" या वादाला कितीही तोंड फुटलं तरी वॅट सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

स्क्रीनचं रेझोल्यूशन विसरायचं नाही

रिव्ह्यूतला आकडा आपल्या मशीनला लावण्याआधी पिक्सेल मोजावे लागतात. डेकचा स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे साधारण दहा लाख पिक्सेल. अलायचा १९२० बाय १०८०, म्हणजे दुप्पट. लेनोव्होच्या पहिल्या लीजन गोचा २५६० बाय १६००, म्हणजे डेकच्या बरोबर चौपट. चिप तुल्यबळ असली तरी चौपट पिक्सेल रंगवायचे म्हटल्यावर तिचा दम निघणारच. म्हणून लीजन गोचे मालक जड गेम मूळ रेझोल्यूशनवर चालवायच्या भानगडीत फारसे पडत नाहीत, ते खाली उतरवून घेतात.

एक गेम घेऊन हिशोब करून बघू

गेम घेऊ सायबरपंक २०७७. निवडण्याचं कारण असं की यात स्वतःची परफॉर्मन्स टेस्ट आहे, आणि सेटिंगमध्ये स्टीम डेकसाठी वेगळा पर्यायही दिलाय. मशीन घेऊ ओलेड डेक, ५० वॅट-अवर. प्रवास घेऊ मुंबई ते पुणे रेल्वेचा, साधारण सव्वातीन तास.

या गेमची किमान गरज म्हणून एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड सांगितलंय. डेकची चिप त्याच्या जवळपासही नाही. मग गेम चालतो कसा? ती गरज १०८० पी रेझोल्यूशनसाठी आहे, डेकला निम्मेच पिक्सेल रंगवायचेत. वर एफएसआर नावाचं तंत्र चित्र आणखी लहान आकारात काढतं आणि मग ताणून मोठं करतं. ७ इंचाच्या स्क्रीनवर तो फरक खपून जातो, घरच्या टीव्हीला जोडलं की तेच चित्र धुरकट दिसतं.

डेकच्या सेटिंगवर, कुठलीही मर्यादा न लावता, मोकळ्या रस्त्यावर चाळिशीतले एफपीएस मिळतात आणि गर्दीत तिशीत उतरतात. चिप पूर्ण १५ वॅट खात असते, एकूण खर्च २२ वॅटच्या आसपास धरू. ५० भागिले २२ म्हणजे दोन तास सोळा मिनिटं. ट्रेन घाट चढून लोणावळ्याला पोहोचते न पोहोचते तोच स्क्रीन काळा.

मग फ्रेम रेटला ४० ची मर्यादा लावली. मशीनला सांगितलं की सेकंदाला ४० फ्रेम झाल्या की उरलेला वेळ आराम कर. मोकळ्या जागी वीज वाचते. पण गर्दीत गेम मुळातच ४० ला पोहोचत नाही, तिथे चिप पुन्हा १५ वॅटच खाते. म्हणजे जड गेममध्ये ही मर्यादा अर्धा वेळच कामाची. सरासरी १९ वॅट धरली तर दोन तास ३८ मिनिटं होतात. २२ मिनिटांचा फायदा, पण पुणे अजून लांबच.

शेवटी ३० ची मर्यादा. आता चिपला सतत थोडी मोकळीक राहते, ती सावकाश चालते, आणि व्होल्टेजचं गणित इथे आपल्या बाजूने उलटतं. ब्राइटनेस थोडा कमी केला की एकूण खर्च साडेचौदा वॅटच्या आसपास येऊ शकतो. ५० भागिले १४.५ म्हणजे तीन तास २७ मिनिटं. पुणे स्टेशन आलं, अजून थोडी शिल्लक आहे.

यातले वॅटचे आकडे अंदाजाचे आहेत. गेमचा अपडेट, जागा आणि ब्राइटनेस यांनी ते इकडेतिकडे सरकतात. स्वतःचा आकडा मिळवणं मात्र अवघड नाही. डेकवर परफॉर्मन्स ओव्हरले चालू केला की बॅटरीतून किती वॅट जातायत ते गेम खेळतानाच दिसतं. विंडोजवाल्या मशीनमध्ये कंपनीचं स्वतःचं ॲप असतं किंवा एचडब्ल्यूइन्फोसारखं मोफत सॉफ्टवेअर. चार्जर काढून दहा मिनिटं खेळायचं आणि तो आकडा भागाकारात घालायचा.

४० चं एवढं कौतुक का?

वरच्या उदाहरणात ४० चा फायदा कमी दिसला, तरी या मशीनच्या मालकांत ४० एफपीएसचे भक्त खूप आहेत. त्याला कारण आहे.

३० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद. ६० म्हणजे १६.७. या दोन वेळांच्या बरोबर मध्ये येतात २५ मिलिसेकंद, आणि २५ मिलिसेकंद म्हणजे ४० एफपीएस. आकड्यांकडे बघून ४५ मध्य वाटतो, पण डोळ्याला आणि बोटाला जाणवतो तो वेळ. ३० ते ६० या सुधारणेतला अर्धा हिस्सा फक्त दहा फ्रेम वाढवून मिळतो. उरलेल्या अर्ध्यासाठी आणखी वीस फ्रेम मोजाव्या लागतात.

अट एवढीच की स्क्रीनने साथ द्यावी. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ४० फ्रेम दाखवल्या तर एक फ्रेम एकदा आणि पुढची दोनदा असं होतं, चाल लंगडी वाटते. डेकचा जुना स्क्रीन यासाठी ४० हर्ट्झवर उतरतो. ओलेड डेक ८० हर्ट्झवर जाऊन प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवतो. अलायचा स्क्रीन १२० चा, तिथे तीनदा.

हिरवा टिक बघून गेम घ्यावा का?

स्टीमवर प्रत्येक गेमला डेकसाठी शेरा दिलेला असतो. व्हेरिफाइड, प्लेएबल, अनसपोर्टेड किंवा अननोन. हिरवा टिक म्हणजे व्हेरिफाइड. अनेक जण तो बघतात आणि निश्चिंत होतात.

बाल्डर्स गेट ३ ची गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये हा गेम आला, हिरवा टिक मिळाला. सुरुवातीच्या भागात जंगल, पडके अवशेष, थोडीशी माणसं. डेकवर तिशीच्या वर छान चालायचा. लोकांनी डझनावारी तास खेळून तिसरा अंक गाठला, गेमच्या नावातल्या त्या शहरात शिरले, आणि फ्रेम विशीत घसरल्या.

मग नेहमीचा उपाय झाला, रेझोल्यूशन कमी करा, ग्राफिक्स लो करा. फरक जवळपास शून्य. कारण अडचण चित्र रंगवणाऱ्या भागाची नव्हतीच. शहरात शेकडो माणसं, प्रत्येकाची हालचाल, प्रत्येकाचं वागणं, हे सगळं मोजायचं काम प्रोसेसरचं. तोच दमला होता आणि ग्राफिक्सचा भाग हातावर हात ठेवून त्याची वाट बघत होता.

हे ओळखायची खूण ओव्हरलेमध्येच असते. जीपीयूचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ग्राफिक्स कमी करून फ्रेम वाढतील. फ्रेम पडल्यात आणि जीपीयू मात्र ६०-७० टक्क्यांवरच असेल, तर प्रोसेसर अडलाय. अशा वेळी रेझोल्यूशन कमी केलं तर चित्र फक्त खराब दिसतं, हाती काही लागत नाही. तिथे गर्दीचं सेटिंग कमी करायचं (सायबरपंकमध्ये असं सेटिंग आहे) किंवा ३० ची मर्यादा लावून जे आहे ते स्थिर करून घ्यायचं.

लॅरियन स्टुडिओने यावर बरंच काम केलं. गेम आल्यावर दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्यांनी खास डेकसाठी नेटिव्ह आवृत्ती काढली. तोवर विंडोजचा गेम मधल्या एका दुभाष्या थरातून चालत होता, तो थर गेल्यावर प्रोसेसरवरचा भार हलका झाला. पण टिक होता दोन वर्षं आधीपासून.

आणि रिफंड? स्टीमवर गेम विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. ज्या गेमचा जड भाग चाळिसाव्या-पन्नासाव्या तासाला येतो, तिथे या सोयीचा उपयोग नाही. सायबरपंकच्या टेस्टचंही थोडं असंच आहे. फॅंटम लिबर्टी या विस्तारातलं डॉगटाउन त्या टेस्टमधल्या रस्त्यांपेक्षा जास्त जड आहे. टेस्टमध्ये ४५ आले म्हणून तिथे ४५ मिळतीलच असं नाही.

त्यामुळे यूट्यूबवर बघायचं असेल तर गेमच्या नावापुढे त्यातल्या सगळ्यात गर्दीच्या जागेचं नाव टाकून शोधायचं. सरासरी फ्रेमपेक्षा १ टक्का लो हा आकडा बघायचा. तो सांगतो की सगळ्यात वाईट क्षणी मशीन किती खाली जातं. सरासरी ४५ आणि लो १८ असेल, तर तो गेम झटके देत चालणार.

३० चे ६० करून देणारी जादू

हल्ली फ्रेम जनरेशन नावाचा पर्याय सगळीकडे दिसतो. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये मशीन एक बनावट फ्रेम घालतं आणि कोपऱ्यातला आकडा दुप्पट होतो. रील्समधले बरेच आकडे असेच आलेले असतात. चित्र खरंच जास्त सरळ हलतं, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो, उलट थोडा उशिराच. खरे ५०-६० असतील तर हे बरं काम करतं. खरे २५ असतील तर स्क्रीनवर ५० दिसतात आणि हाताला चिखलात चालल्यासारखं वाटतं.

आपल्याकडचा उन्हाळा आणि पॉवर बँक

वाल्वच्या सांगण्यानुसार डेक शून्य ते ३५ अंश तापमानात नीट चालतो. त्याच्या वर हवा गेली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करू लागते. चिपचं स्वतःचं तापमान १०० अंशांना पोहोचलं की परफॉर्मन्स पडतो, १०५ ला मशीन बंद. युरोपातले रिव्ह्यू २०-२२ अंशांच्या खोलीत झालेले असतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला ४५ अंशांत, एसी नसलेल्या खोलीत तेच आकडे येतील अशी आशा धरू नये. पहिली पंधरा मिनिटं सगळं छान आणि मग फॅन किंचाळतोय, फ्रेम पडतायत, असं झालं की कारण बहुधा हेच असतं. अशा वेळी टीडीपी १५ वरून ११-१२ वर आणला तर सुरुवातीचा आकडा थोडा कमी दिसतो, पण तासाभराने तोच टिकून असतो.

पॉवर बँकेचा विचार असेल तर तिथेही वॅटच बघायचे. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॅट-अवर. वाटेत होणारी गळती धरता मशीनला साधारण ६० मिळतात. म्हणजे ओलेड डेकची एक पूर्ण बॅटरी आणि वर थोडी. पण आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच बँका डेकसारख्या मशीनला १८-२० वॅटच देतात. गेम २२ वॅट खात असेल तर वायर लावलेली असूनही बॅटरी हळूहळू उतरतच राहते, आणि लोकांना वाटतं मशीनचं चार्जिंग बिघडलं. डेकचा स्वतःचा चार्जर ४५ वॅटचा आहे. बँकही यूएसबी पीडीवर ४५ वॅट किंवा जास्त देणारी हवी, आणि ते बॉक्सच्या पुढच्या मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसेल तर मागच्या बाजूला "आउटपुट" समोर व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात.